रात्री अडीचला निर्णय कोणाचा?

चाकण पट्ट्यातला अ‍ॅल्युमिनियम प्रेशर डायकास्टिंगचा एक मध्यम कारखाना धरा. नऊ मशिनं, तीन पाळ्या, पाळीला पंचवीसेक माणसं, त्यांतली निम्म्याहून अधिक कंत्राटी. दुचाकीच्या इंजिनाचे सुटे भाग इथून जातात. शिफ्ट सुपरवायझरची एक जागा रिकामी झाली आहे. त्या जागेची जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, नव्याने लिहायची आहे आणि सोबत कॉम्पिटन्सीची यादीही हवी आहे. लिहायला बसलेत दोघं. प्रॉडक्शनचे शेलारसाहेब आयटीआय करून मशीनवर लागले, नोकरी सांभाळत डिप्लोमा केला आणि मॅनेजरपर्यंत आले. एचआरच्या देशमुख मॅडम त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. दोघंही मी रचलेली माणसं आहेत, पण त्यांचा वाद बहुतेक कारखान्यांत चालूच असतो. दोघांनी आपापला मसुदा आणला आहे.

देशमुख : साहेब, तुमची यादी वाचली. चौतीस कलमं. पहिलं 'हजेरी घेणे' आणि शेवटचं 'वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे करणे'. ते शेवटचं घातल्यावर आधीची तेहतीस कशाला लिहिलीत?

शेलार : माणूस पाळीभर जे करतो ते लिहिलंय. तुमच्या कागदावर काय आहे? 'परिणामाभिमुख वृत्ती, प्रभावी संवादकौशल्य, संघभावना.' मॅडम, इंटरव्ह्यूला येऊन 'माझ्यात संघभावना नाही' असं कोणी सांगितलंय का आजवर? हाच कागद उद्या बँकेच्या मॅनेजरला लावा, चालून जाईल.

देशमुख : मान्य. तयार नमुना होता, त्यात फक्त पदाचं नाव बदललं. पण तुमच्या यादीतली निम्मी कामं लीडमन करतो. हजेरी तो घेतो, हेल्परला ग्लोव्हज तो देतो. मग सुपरवायझर कशासाठी ठेवायचा?

शेलार : कशासाठी म्हणजे? त्याच्याशिवाय पाळी चालेल?

देशमुख : दिवसा चालेल. तुम्ही असता, क्वालिटीचे साहेब असतात, टूलरूम उघडी असते, मेंटेनन्सला हाक मारली की माणूस येतो. रात्री काय?

शेलार : रात्री तोच मालक.

देशमुख : तेच लिहू या. मागच्या दोन महिन्यांतली एक रात्र सांगा, ज्यात गडबड झाली. काय झालं ते क्रमाने सांगा, कोणाचं चुकलं ते नंतर बघू.

मॅडम इथे जे करताहेत ती पद्धत जुनी आहे. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी काम करताना ती बसवली आणि १९५४ मध्ये तिच्यावर सविस्तर लेख लिहिला. 'चांगला वैमानिक कसा असावा' असं विचारलं की लोक विशेषणं सांगतात. 'अमुक वेळी त्याने नेमकं काय केलं, ज्यामुळे काम साधलं किंवा बिघडलं' असं विचारलं की कामं आणि निर्णय हाती लागतात. जेडीलाही हीच वाट उपयोगी पडते, पण एचआरची मंडळी ती सहसा वापरत नाहीत, कारण त्यासाठी शॉपवर जाऊन बसावं लागतं.

शेलार : चार नंबर मशीनवर कव्हरचा पार्ट चालू होता. सायकल टाइम सत्तर सेकंद, म्हणजे तासाला पन्नासेक पीस. दर दोन तासांनी गेजिंग. बाराला चेक केलं तेव्हा ओके होतं. दोनच्या चेकला प्लग गेज अर्ध्यातच अडकला. डायमधली कोअर पिन तुटली होती.

देशमुख : ऑपरेटरला दिसलं नाही?

शेलार : दिसत नाही हो. वरून भोक बरोबर दिसतं, फक्त खोली अर्धी. पुढे मशीनिंगला टॅप घातला की टॅप तुटतो, तेव्हा कळतं. आणि थेट बोल्ट बसवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलं तर त्याच्या लाइनवर कळतं.

देशमुख : मग त्या रात्री सुपरवायझरने काय केलं?

शेलार : मशीन थांबवलं, ते बरोबर केलं. मशीनजवळच्या बिनमधले चाळीस पीस रिजेक्ट केले. टूलरूमच्या माणसाला उठवून पिन बदलून घेतली, पहिला पीस चेक केला आणि पावणेचारला मशीन चालू. लॉगबुकात लिहिलं, 'चार नंबर, कोअर पिन तुटली, बदलली, चाळीस रिजेक्ट'. सकाळी मी शाबासकी दिली. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन.

देशमुख : कारण?

शेलार : बारा ते दोनमध्ये शंभर पीस निघाले. चाळीस बिनमध्ये, साठ कुठे? साठचा एक बिन भरून दीडलाच फेटलिंगला गेला होता. तिकडे कोणी गेलंच नाही.

देशमुख : चांगला सुपरवायझर काय करतो?

शेलार मान हलवतात. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या चौतीस कलमांत नाही, पण हातात आहे.

शेलार : तो तुकडा शोधतो. पिन तुटते तेव्हा तिचं टोक बहुतेक वेळा त्याच कास्टिंगमध्ये अडकून राहतं. त्या पीसला भोकाच्या जागी पोलादाचा ठिपका दिसतो. तो पीस सापडला की त्याच्या आधीचे चांगले, नंतरचे सगळे संशयित. तो सापडेपर्यंत बिनमागून बिन मागे जायचं, फेटलिंगला, लागलं तर डिस्पॅचच्या ट्रॉलीपर्यंत. आणि नाहीच सापडला तर शेवटच्या ओके चेकपर्यंतचा सगळा माल अडवायचा, लाल टॅग लावून. शिवाय तो पोलाद अडकलेला पीस रिजेक्शनबरोबर भट्टीत टाकायचा नाही, धातूत लोखंड वाढतं.

देशमुख : हे सगळं मी लिहून घेतलंय. आता बघा, यातून जेडीचं वाक्य असं होतं : 'दोष आढळल्यास शेवटच्या चांगल्या तपासणीपासूनचा संपूर्ण माल, तो जिथे असेल तिथे शोधून अडवणे.' तुमच्या यादीत याच्या जागी काय होतं? 'गुणवत्तेवर लक्ष ठेवणे.'

शेलार : आणि तुमच्या यादीत?

देशमुख : 'गुणवत्तेची जाणीव.' ते तर आणखी वाईट.

इथवर दोघांचं जमतं. खरी ठिणगी पुढे पडते. साडेसहाला डिस्पॅचची गाडी सुटणार असते आणि शंभर पीस अडवले तर ती कमी माल घेऊन जाणार असते. हा निर्णय सुपरवायझरने कोणाला न विचारता घ्यावा का?

शेलार : हे लिहून देऊ नका. लेखी अधिकार दिला की जो तो मशीन थांबवत सुटेल. जरा फ्लॅश दिसला, थांबव. ऑपरेटर कुरकुरला, थांबव. महिन्याच्या शेवटी आकडा मला द्यावा लागतो, तुम्हाला नाही.

देशमुख : मागच्या वर्षभरात रात्रीच्या सुपरवायझरने क्वालिटीसाठी मशीन किती वेळा थांबवलं, असं तुम्हाला वाटतं?

शेलार : क्वचित.

देशमुख : मग आपली अडचण जास्त थांबवण्याची नाहीये. आणि हा अधिकार द्यावा की नाही, हे ठरवणं आपल्या हातात राहिलेलंही नाही. आपण गाड्यांच्या उद्योगाला माल देतो, आयएटीएफ १६९४९ चं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. त्याच्या ५.३.२ कलमात स्पष्ट म्हटलंय की उत्पादनाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला माल रोखण्याचा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार हवा, आणि प्रत्येक पाळीत असा जबाबदार माणूस हवा. ऑडिटर रात्री आला आणि सुपरवायझरला विचारलं, 'तुम्ही थांबवू शकता का?' आणि तो म्हणाला, 'साहेबांना फोन करावा लागेल', तर?

शेलार : बरं. पण मग सुरू कोण करणार तेही लिहा. थांबवायला अक्कल लागत नाही, परत सुरू करायला लागते.

हा शेरा मला मोलाचा वाटतो. माल अडवणारा आणि अडवलेला माल सोडणारा माणूस एकच असेल तर पहाटे पाच वाजता गाडीची घाई त्याच्याच डोक्यावर बसते. तेव्हा दोघांनी तीन रकाने आखले. पहिल्यात सुपरवायझर स्वतः ठरवतो : मशीन थांबवणं, संशयित माल अडवणं, धोका वाटला तर माणसाला कामावरून बाजूला घेणं, ओला स्क्रॅप किंवा ओले इनगट भट्टीपासून दूर ठेवणं. सातशे अंशांच्या आसपासच्या धातूत पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि धातू बाहेर उडतो. तिथे फोन करून विचारायला वेळ नसतो. दुसऱ्यात तो ठरवतो आणि मग कळवतो : माणसं या मशीनवरून त्या मशीनवर फिरवणं, डाय ठरल्या वेळेआधी उतरवणं. तिसऱ्यात विचारल्याशिवाय नाही : अडवलेला माल सोडणं, सेटिंग शीटच्या मर्यादेबाहेर पॅरामीटर नेणं, ओव्हरटाइमला माणूस थांबवून घेणं.

शेलार : सेफ्टी डोअरचा लिमिट स्विच तिसऱ्यात टाका. कधी कधी स्विचच खराब असतो, चिकटपट्टी लावून मशीन चालवावं लागतं.

देशमुख : तो कुठल्याच रकान्यात नको. विचारून करायची सोयसुद्धा ठेवायची नाही. स्विच खराब म्हणजे मशीन बंद, इतकंच.

शेलार गप्प बसतात. ते पटल्यामुळे की न पटल्यामुळे, हे मी वाचकांवर सोडतो.

देशमुख : आणखी एक. कोणी पिऊन कामावर आला तर? तुमच्या यादीत 'शिस्त राखणे' आहे.

शेलार : गेटबाहेर काढायचा. सरळ.

देशमुख : आणि तो मोटारसायकलवरून जाताना हायवेवर पडला तर? 'शिस्त राखणे' वाचून सुपरवायझर तेच करेल, किंवा रागाच्या भरात 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणेल. कामावरून काढण्याचा, निलंबनाचा अधिकार त्याला नाही. ती कारवाई स्थायी आदेशांप्रमाणे आणि चौकशी करूनच होते. त्याने एवढंच करायचं : माणसाला मशीनवरून बाजूला घ्यायचं, सिक्युरिटीकडे बसवायचं, एकट्याला गाडीवर सोडायचं नाही, आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांसह काय पाहिलं ते लिहून ठेवायचं. 'बोलताना जीभ अडखळत होती, तोंडाला वास येत होता', हे पाहिलेलं. 'दारू प्यायला होता' हा निष्कर्ष, तो चौकशीत ठरेल.

शेलार : हे मात्र लिहाच. मागे एका प्रकरणात आपण इथेच अडकलो होतो.

देशमुख : लिहायचं आणखी एक कारण आहे. कायद्याने सुपरवायझर हा कामगार की नाही, हे पदाच्या नावावर ठरत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षणाचं काम आणि महिना दहा हजारांवर वेतन अशी रेघ होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती अठरा हजारांवर गेली. पण पगार कितीही असो, कोर्ट आधी विचारतं की याचं मुख्य काम काय. दिवसभर मशीन चालवतो, पीस मोजतो आणि कोणावर देखरेखच करत नाही, तर पाटीवर सुपरवायझर लिहून उपयोग नाही.

शेलार : म्हणजे जेडी भारदस्त लिहिली की झालं.

देशमुख : नाही ना. कागदावर अधिकार आणि शॉपवर हेल्परचं काम असं निघालं, तर कोर्ट शॉपवरचं धरतं. जे खरोखर करायला देणार तेच लिहायचं.

आता कॉम्पिटन्सी. जेडी सांगते काय करायचं आणि कशाचा अधिकार आहे. कॉम्पिटन्सीची यादी सांगते ते जमायला माणसात काय लागतं. शेलारांचं उत्तर तयार होतं.

शेलार : अनुभव. सगळ्यात चांगला ऑपरेटर उचला आणि सुपरवायझर करा.

देशमुख : मागच्या वेळी तेच केलं होतं ना?

शेलार : (थोडं थांबून) हो. डायकास्टिंगचा जादूगार होता. पण सात नंबर बंद पडलं की हा स्वतः पाना घेऊन आत. पाऊण तास तिथेच. तेवढ्यात बाकीच्या आठ मशिनांवर काय चाललंय त्याचा पत्ता नाही. त्या पाऊण तासात दोन नंबरवर स्प्रे बंद पडला आणि डायला माल चिकटला.

देशमुख : मग ही पहिली कॉम्पिटन्सी. हात आवरता येणं. दुरुस्तीला योग्य माणूस लावायचा, त्याला काय दिसलं ते सांगायचं आणि फेरी चालू ठेवायची. आणि ही शिकवून लवकर येत नाही. ज्याचा जीव मशीनमध्ये अडकलेला असतो, त्याला मशीन सोडणं म्हणजे कमीपणा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालला होता. कारखाने एकदम वाढले, सुपरवायझर मिळेनात, तेव्हा या कार्यक्रमाने सुपरवायझरच्या गरजा पाचांत बसवल्या : कामाचं ज्ञान, जबाबदारीचं ज्ञान, शिकवण्याचं कौशल्य, पद्धत सुधारण्याचं कौशल्य आणि माणसं हाताळण्याचं कौशल्य. ऑपरेटरला बढती देताना आपण पहिली गरज पूर्ण आहे म्हणून खूश होतो आणि उरलेल्या चार आपोआप उगवतील असं धरतो. मॅडमनी शेवटी यादी सहावर आणली. त्यांना बारा हव्या होत्या. शेलार म्हणाले, बारा गोष्टींवर रात्रीच्या माणसाची पारख करायला बसलात तर सगळ्यांपुढे 'चांगला' एवढंच लिहून मोकळे व्हाल. यात ते बरोबर होते.

सहांपैकी एकाच कॉम्पिटन्सीच्या पायऱ्या इथे देतो, कारण बाकीच्याही याच धर्तीवर लिहिल्या गेल्या : पाळीचा चार्ज देणं-घेणं. पहिल्या पायरीवरचा माणूस आकडे लिहितो : किती पीस, किती रिजेक्शन. दुसऱ्या पायरीवरचा उघड्या राहिलेल्या गोष्टी लिहितो : चार नंबरला पिन बदलली, फेटलिंगचा बिन तपासायचा राहिला. तिसऱ्या पायरीवरचा येणाऱ्या सुपरवायझरला घेऊन त्या मशीनपाशी जातो, पीस हातात देतो, अडवलेला माल दाखवतो आणि 'तू आधी काय करशील?' असं विचारून घेतो. या जागेसाठी निवडताना दुसरी पायरी पुरे, सहा महिन्यांत तिसरी हवी. असं लिहिलं की पारख करणाऱ्याला 'संवादकौशल्य : पाचपैकी साडेतीन' असं ठोकून द्यावं लागत नाही, लॉगबुक उघडलं की उत्तर समोर असतं.

शेलार : मग इंटरव्ह्यूत हे कसं कळणार? तिथे सगळेच तिसऱ्या पायरीवर असतात.

देशमुख : इंटरव्ह्यूत विचारायचंच नाही. उमेदवाराला पंधरा मिनिटं शॉपवर एक फेरी मारायला लावू, परत आल्यावर काय काय दिसलं ते विचारू. मग तुमच्या त्या रात्रीचं लॉगबुकाचं पान देऊ, नाव झाकून. 'सकाळी चार्ज घेणारे तुम्ही आहात. पहिले तीन प्रश्न कोणते विचाराल?' ज्याला साठ पीस कुठे गेले हे विचारायचं सुचेल, त्याला पुढे बोलवू.

शेलार : आणि भट्टीचं तापमान, शॉटचा वेग, बिस्किटची जाडी, हे माहीत नसेल तर?

देशमुख : ते तुम्ही दीड-दोन महिन्यांत शिकवाल. वाईट बातमी लगेच सांगायची सवय तुम्ही दोन महिन्यांत लावू शकाल?

शेलार : नाही. ती दोन वर्षांतही लागत नाही काहींना.

पात्रतेवर गाडी उलटी फिरली. मॅडमच्या नमुन्यात 'मेकॅनिकल डिप्लोमा अनिवार्य' होतं आणि ते ऑडिटसाठी लागतं अशी त्यांची समजूत होती. शेलारांनी विचारलं की मग आयटीआय करून दहा वर्षं लीडमन असलेल्याचं काय. आयएसओ ९००१ च्या ७.२ कलमात सक्षमता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांवर ठरवावी असं आहे. तिथे 'किंवा' आहे. तेव्हा 'डिप्लोमा आणि तीन वर्षं, अथवा आयटीआय आणि आठ वर्षं, त्यांत किमान दोन लीडमन म्हणून' असं ठरलं. मात्र एक अट दोघांनाही मान्य होती : टक्केवारी आणि सायकल टाइमचं गणित कागदावर करता आलं पाहिजे. सत्तर सेकंदांच्या मशीनवर दोन तासांत किती पीस हे ज्याला पटकन काढता येत नाही, त्याला साठ पीस गायब आहेत हे कळणारच नाही.

एका मुद्द्यावर ते शेवटपर्यंत भांडले. शेलारांना जेडीत पाळीचं उत्पादनाचं लक्ष्य हवं होतं.

देशमुख : आकडा दरवर्षी बदलतो, तो वार्षिक उद्दिष्टांत जाईल. आणि फक्त पिसांवर माणूस मोजला, तर पहिल्या रकान्यातला अधिकार तो कधीच वापरणार नाही. आपण एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतोय.

शेलार : आकडाच नसेल तर तो दर रात्री मशीन थांबवून देवळात बसेल. मापाशिवाय जबाबदारी नसते, मॅडम.

देशमुख : माप ठेवू. पण चांगले पीस मोजू, एकूण नाही. आणि आपल्या हद्दीत अडवलेला दोष वेगळा, गिऱ्हाइकाकडे सापडलेला वेगळा धरू. पहिल्यासाठी त्याला बोल लावायचा नाही.

शेलारांनी हे अर्धं मानलं. चांगले पीस मोजायला तयार झाले, पण आकडा जेडीतच राहील यावर अडून बसले. तो मुद्दा प्लांट हेडकडे गेला आहे.

चौतिसावं कलमही गेलं नाही. मात्र त्याला शेपूट जोडलं गेलं : 'पाळी चालू असताना सुपरवायझरला शॉप सोडावं लागेल असे काम दिल्यास चार्ज कोणाकडे, हे लॉगबुकात लिहून मगच.'

मसुदा रात्रपाळीच्या सध्याच्या एका सुपरवायझरला वाचायला दिला. त्याने दोन दिवसांनी परत केला, सगळं ठीक आहे म्हणाला. फक्त 'ठरवून कळवणे' आणि 'विचारल्याशिवाय नाही' या दोन रकान्यांच्या समोर पेन्सिलीने लिहिलं होतं : 'फोन उचलला नाही तर?'

शेलारांनी तिथे तिघांची नावं क्रमाने घातली, पहिलं स्वतःचं. पंधरा मिनिटांत उत्तर नाही तर पुढच्याला फोन, आणि तिघांपैकी कोणीच मिळालं नाही तर माल अडवलेलाच राहील, गाडी रिकामी गेली तरी.